कॅल्शियम ८.९ आलं म्हणजे सगळं ठीक, हे कितपत खरं?

शरयू_प्र
वहिनींचे रिपोर्ट, वय ४६: कॅल्शियम ८.९, अल्ब्युमिन ४.१, फॉस्फरस २.५, अल्कलाइन फॉस्फेटेज १९०, क्रिएटिनिन ०.७, डी जीवनसत्त्व ७, पीटीएच १३२. मांड्या दुखतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. माझं मत असं की रक्तात कॅल्शियम नॉर्मल आहे म्हणजे शरीराला ते पुरतंय. मग पीटीएचसारखी महागडी तपासणी आणि डीची पाकिटं कशासाठी? फार तर कॅल्शियमची एक गोळी सुरू करावी. पटत नसेल तर कारण सांगा.

निशिगंध
पटत नाही. रक्तातलं कॅल्शियम शेवटपर्यंत नॉर्मल राहावं अशीच शरीराची सोय आहे, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. ते राखायला काय मोजावं लागतंय, हे पीटीएच या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हार्मोनवरून कळतं.

डी ७ असताना आतडं जेवणातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के शोषतं. डी पुरेसं असेल तर हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणजे दिवसाला ६०० मिलिग्रॅम खाल्लं तर वहिनींच्या अंगी लागतं ६० ते ९०. रक्तातली पातळी जरा खाली सरकली की पॅराथायरॉइड ग्रंथींना काही सेकंदांत कळतं आणि पीटीएच सुटतं. मूत्रपिंड मग कॅल्शियम अडवून धरतं आणि फॉस्फेट लघवीवाटे सोडून देतं. तिथेच डीचं सक्रिय रूपही जास्त बनू लागतं, पण कच्चा मालच ७ असेल तर बनून बनणार किती? उरलेली तूट हाडातून भरली जाते.

फॉस्फरस २.५ आलंय ते यामुळेच. हाडाला कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही कमी पडल्यावर नवा साचा तयार होतो, पण त्यात क्षार भरत नाहीत. हाड बांधणाऱ्या पेशी राबत राहतात, म्हणून अल्कलाइन फॉस्फेटेज १९०. मांड्यांची ताकद जाणं, जमिनीवरून उठता न येणं हे त्याच चित्रातलं आहे. हाडं मऊ पडण्याचा हा आजार आहे, ऑस्टिओमलेशिया. त्याला "ठीक" म्हणता येणार नाही.

आडवाट
इतकं लांब जायची गरज नाही. पीटीएच दुप्पट म्हणजे पॅराथायरॉइडमध्ये गाठ. सेस्टामिबी स्कॅन करून घ्या, वेळ घालवू नका.

निशिगंध
गाठ असती तर पीटीएचसोबत कॅल्शियमही सहसा १०.५च्या वर असतं, कारण गाठ रक्तातल्या पातळीचं ऐकत नाही. इथे ग्रंथी हाकेला ओ देताहेत. शिवाय स्कॅन निदानासाठी नसतो. निदान पक्कं झाल्यावर शस्त्रक्रियेआधी गाठ कुठे आहे ते शोधायला करतात. आत्ता केला आणि काही दिसलं नाही, तरी त्यावरून काही ठरणार नाही.

मात्र तुमचा संशय अगदीच बाद नाही. डी फार कमी असेल तर खऱ्या गाठीतलं वाढलेलं कॅल्शियमही झाकलं जातं. डी ३०च्या आसपास आल्यावर कॅल्शियम १०.५च्या वर चढलं आणि पीटीएच तसंच राहिलं, तर तुमचं म्हणणं खरं ठरेल. ते आज ठरत नाही, तीन महिन्यांनी ठरेल.

कोकणकडा
एक हार्मोन सगळेच विसरलात. कॅल्शियम हाडात भरतं ते कॅल्सिटोनिन. ते कमी पडत असेल तर? आधी त्याची पातळी बघा.

पारिजात७
कॅल्सिटोनिन हाड खाणाऱ्या पेशींना थोपवतं, हाडात काही भरत नाही. आणि मोठ्या माणसात त्याचा जोर फार कमी. संपूर्ण थायरॉइड काढलेल्यांचं बघा, कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या पेशी त्याच ग्रंथीत असतात. त्यांना थायरॉक्सिन देतात, कॅल्सिटोनिन कोणी देत नाही, आणि कॅल्शियम वर जात नाही. झालंच तर खाली जातं, तेही शेजारच्या पॅराथायरॉइडना धक्का लागल्यामुळे. उलट थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगात कॅल्सिटोनिन कितीतरी पट वाढतं, तरी कॅल्शियम सहसा नॉर्मलच. वहिनींसाठी ही तपासणी नको.

कोकणकडा
मग कॅल्शियम फार चढलं की सामन माशाच्या कॅल्सिटोनिनचं इंजेक्शन देतात ते का?

पारिजात७
काही तासांत उतार पडतो म्हणून. पण दोनेक दिवसांत पेशी त्याला दाद देईनाशा होतात. तेवढ्या अवधीत सलाइन आणि दुसरी औषधं काम धरतात. बाळाला पाजताना आईची हाडं जपायला त्याचा उपयोग होत असावा, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांत ते किती लागू पडतं यावर वाद आहे.

सईची_आई
मला पण डी ११ निघालं होतं. ६०,०००चं पाकीट महिनाभर रोज घेतलं. आता तहान खूप लागते, पोट साफ होत नाही. डी अजून कमीच असेल का? वाढवू का?

निशिगंध
ताई, आज बंद करा. तुमचा प्रश्न वहिनींच्या अगदी उलट आहे. आठवड्याला एक, असं आठ आठवडे घेतलं तर एकूण ४ लाख ८० हजार युनिट होतात. तुमचे महिन्यात १८ लाख झाले. अशा वेळी आतडं आणि हाड दोन्हीकडून कॅल्शियम रक्तात येत राहतं. पीटीएच आपोआप तळाला जातं, पण त्याने पूर थांबत नाही. वाढलेल्या कॅल्शियममुळे मूत्रपिंड पाणी राखू शकत नाही, म्हणून ती तहान. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन आजच करा, कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्याही थांबवा. उलट्या किंवा गुंगी असेल तर रिपोर्टची वाट न बघता दवाखान्यात जा. डी चरबीत साठतं, पाकीट थांबवल्यावरही परिणाम काही आठवडे, कधी महिने राहतो.

शरयू_प्र
वहिनींचं समजलं. पण मग कॅल्शियमची गोळीच का नको? आणि एक सांगा, पीटीएच केलं नसतं तर उपचार बदलले असते का?

निशिगंध
नुसती गोळी घेतली तर ५०० मिलिग्रॅमपैकी ५०-७५ अंगी लागेल. नुसतं डी दिलं तर वेगळी अडचण येते. हाडाचा कोरा साचा क्षार शोषू लागतो आणि रक्तातलं कॅल्शियम सुरुवातीला घसरू शकतं, ओठांभोवती मुंग्या येतात. म्हणून दोन्ही बरोबर. डॉक्टरांनी सांगितलेलं पाकीट आठवड्यातून एकदाच, दूध किंवा जेवणासोबत. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर, कारण ते विरघळायला आम्ल लागतं. पट्टीवर १२५० लिहिलेलं असेल तर त्यात कॅल्शियम ५०० असतं, हे बघून घ्या. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि यात चार तासांचं अंतर ठेवा.

पीटीएचबद्दल तुमचा मुद्दा रास्त आहे. डी ७, अल्कलाइन फॉस्फेटेज १९० आणि ही लक्षणं एवढ्यावर उपचार हेच झाले असते.

पारिजात७
इथे मी निशिगंधशी सहमत नाही. सुरुवातीचा आकडा नसेल तर तीन महिन्यांनी पीटीएच ८० आलं, तर ते उतरतंय की अडून बसलंय, हे कशावरून कळणार?

शरयू_प्र
उरलेला संशय तेव्हाच्या कॅल्शियमवरून फिटेल ना? सरसकट पीटीएच मला अजून पटलेलं नाही. पाकीट रविवारपासून सुरू करतोय. अल्कलाइन फॉस्फेटेज महिन्याने बघू का?

निशिगंध
महिन्याने नको. हाड भरू लागलं की ते आधी थोडं वाढूही शकतं आणि तुम्ही उगाच घाबराल. तीन महिन्यांनी कॅल्शियम, फॉस्फरस, डी आणि पीटीएचसोबतच करा. रक्त घेताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, त्याने एकूण कॅल्शियम खोटंच वर दिसतं.