बॅकवर्ड स्टेबल म्हणजे चुकीच्या उत्तरावर पांघरूण?

निशिगंध: कागदावर, प्रत्येक पायरीला तीन अंक ठेवून खालची जोडी सोडवली. खरं उत्तर (3, −2), माझं आलं (2.29, −1). y निम्माच! तरी म्हणे गाउसची पद्धत बॅकवर्ड स्टेबल. हे चुकीवर पांघरूण नाही तर काय?

```
7x + 5y    = 11
5x + 3.58y = 7.84
```

गुणक: 'पांघरूण' वाचून राहवलं नाही. तुझ्या पायऱ्या मी परत केल्या. 5/7 चा गुणक 0.714. डावीकडे 3.58 − 3.57 = 0.01 उरतात. उजवीकडे 0.714 × 11 = 7.854, ते तीन अंकांत 7.85, आणि 7.84 मधून ते गेले की −0.01. म्हणून y = −1, मग x = 16/7, म्हणजे 2.29. यात तुझी एकही पायरी चुकलेली नाही.

आता हेच उत्तर मूळ समीकरणांत घाल. डावीकडे 11.03 आणि 7.87 येतात. उजव्या बाजूला हेच आकडे दिले असते, तर तुझं उत्तर तंतोतंत बरोबर होतं. दिलेल्या आकड्यांपासून ते अर्ध्या टक्क्याच्या आतच आहेत, आणि तीन अंकांत एकदा राउंड करताना तेवढं जाऊ शकतं. पद्धतीचा दावा इतकाच आहे: शेजारच्याच प्रश्नाचं अचूक उत्तर देईन. y बद्दल तिने कधीच शब्द दिला नव्हता. y हलला तो प्रश्नामुळे. 7 × 3.58 − 25 = फक्त 0.06, रेघा जवळजवळ समांतर. कंडिशन नंबर, म्हणजे आकड्यांतली चूक उत्तरात जास्तीत जास्त किती पट होऊ शकते तो आकडा, 2400.

सर्वेवाला: हे मी शेतात भोगलंय. हद्दीच्या दोन रेघा जवळपास समांतर, त्यांचा छेद काढायचा होता. एकच रीडिंग परत घेतलं, फरक बोटभर, आणि कोपरा तीन पावलं सरकला. दोन्ही भाऊ माझ्यावर ओरडायला लागले. सॉफ्टवेअर बदलून पाहिलं, कोपरा तिथेच. शेवटी तिसऱ्या बाजूने रेघ घेतली तेव्हा भागलं.

तिठा: तुमचं रीडिंगच हलतं, त्याचा इथे काय संबंध? निशिगंधचे आकडे पक्के आहेत. डबल प्रिसिजन घ्या, प्रश्न मिटला.

गुणक: या जोडीपुरता मिटला. पण 7.84 हे मोजमाप असेल तर सोळा अंकांनीही y सुधरत नाही. सर्वेवाल्यांचा मुद्दा तोच आहे.

अश्विनी: प्रॅक्टिकलला माझ्याच बाबतीत हे झालंय. माझा कोड पिव्होटिंगसकट, म्हणजे मोठा गुणांक वर येईल अशी ओळींची अदलाबदल करून, बरोबर होता, पण परीक्षकांनी आउटपुट छापील उत्तराशी ताडलं, तिसरा अंक जुळला नाही म्हणून निम्मे मार्क गेले. रेसिड्यूअल, म्हणजे उत्तर समीकरणांत परत घातल्यावर उरणारा फरक, दाखवू का विचारलं तर म्हणाले, पुढच्याला येऊ दे. आठ वर्षं झाली, अजून राग जात नाही.

तिठा: परीक्षकांचं बरोबरच होतं. असं म्हटलं तर कुठलंही चुकीचं उत्तर कुठल्या तरी प्रश्नाचं बरोबर उत्तर असतंच! मग नापास कोण होणार?

अश्विनी: तुम्ही बसला होतात का तिथे? नव्हतात ना, मग 'बरोबरच होतं' कशाच्या जोरावर म्हणता?

गुणक: दोघंही थांबा. तिठा, नापास होणारी पद्धत ही घ्या. पिव्होटिंग न करता, पुन्हा तीनच अंक:

```
0.001x + 2y = 2
3x + y      = 4
```

गुणक 3000. 1 − 6000 चे −6000 होतात, 4 − 6000 चेही −6000. मूळचे 1 आणि 4 तिथेच पुसले गेले. y = 1, x = 0. दुसऱ्या समीकरणात घाला: 4 च्या जागी 1 येतो. याला शेजार म्हणत नाहीत. ओळींची अदलाबदल करा, (1, 1) येतं आणि तीन अंकांत ते बरोबर आहे. प्रश्न सरळ होता, पद्धत बिघडली. निशिगंधकडे नेमकं उलट होतं. म्हणून खरं उत्तर हाताशी नसतानाही रेसिड्यूअल बघायचा, तोही मॅट्रिक्स आणि उत्तर यांच्या आकारमानाशी ताडून.

तिठा: ठीक, अंतर मोजायचं असतं, हे मानतो. म्हणजे पिव्होटिंग केलं की हमी.

गुणक: कागदावर तीही नाही. पद्धतीचा हा दावा ज्याने मांडला त्या ब्रिटिश गणिती विल्किन्सननेच असे मॅट्रिक्स दाखवले, ज्यांत n समीकरणांना पिव्होटिंग करूनही आकडे वाढत 2ⁿ⁻¹ पटीपर्यंत जातात. रोजच्या कामात असे मॅट्रिक्स क्वचितच भेटतात, पण का भेटत नाहीत याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. बाकी त्याचा स्वतःचा विश्वास बसला तो हाताने गणित करून. 1946 च्या सुमारास ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत ट्युरिंग आणि इतरांबरोबर डेस्क कॅल्क्युलेटरवर 18 समीकरणं सोडवली, आणि रेसिड्यूअल अपेक्षेपेक्षा फारच लहान निघाले.

तिठा: मग 'स्टेबल' म्हणताना हे सांगत जा की! अर्धवट तुम्हीच सांगता आणि वर आम्हाला झापता.

गुणक: हे मान्य. सांगायला हवं होतं.

निशिगंध: पांघरूण शब्द मागे घेतला. पण वहीत लिहू काय? y = −1 असं लिहिलं तर ते खोटंच आहे.

सर्वेवाला: −1 लिहा आणि शेजारी 2400 लिहा. मी नकाशावर त्या कोपऱ्याभोवती गोल काढतो.

अश्विनी: आणि परीक्षकांनी तो गोल खोडला तर?