उन्हाळी धानाला पाणी तोडून-तोडून देण्याची सक्ती करावी का?

पर्यावरण_द्वितीयवर्ष
भंडारा-गोंदियात कालव्यावर होणाऱ्या उन्हाळी धानाला पाणी तोडून-तोडूनच द्यावं, असा नियम हवा. बांधीत सतत पाणी उभं ठेवलं की जेवढा मिथेन निघतो, त्यातला जवळपास निम्मा वाचतो आणि उत्पन्नही घटत नाही. कोणाचा विरोध असेल तर कारणासह सांगा.

नत्रवाला
माझा विरोध आहे. तुम्ही एकाच वायूचा हिशेब मांडलात. बांधी सुकली की मातीत हवा शिरते आणि युरियातून आलेल्या अमोनियमचं नायट्रेट होतं. पुन्हा पाणी भरलं की त्यातलं काही नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 27 पट, तर हा वायू 273 पट. दक्षिण भारतातल्या भातशेतांवर मोजमाप करून 2018 साली जो अभ्यास आला, त्यात वारंवार सुकवलेल्या शेतांतून हा वायू अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाला होता. अशा वेळी मिथेन वाचवला म्हणून कसला आनंद मानायचा?

मातीचा_माणूस
273 पट हे खरंच, पण किती किलोच्या 273 पट, तेही बघा. एका हेक्टरचा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, 2019 च्या गुणकांनी करू. दक्षिण आशियासाठी दिवसाला 0.85 किलो मिथेन धरतात. पीक 110 दिवस पाण्यात राहिलं तर साधारण 93 किलो होतो. हंगामात अनेकदा पाणी तोडलं तर गुणक 0.55, म्हणजे 51 किलो. वाचले 42 किलो, कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत 1,130 किलोच्या आसपास.

आता नायट्रस ऑक्साइड. 100 किलो नत्र दिलं असं समजा. पाणी सतत उभं असेल तर त्यातलं 0.3 टक्के या वायूच्या रूपात जातं, पाणी तोडल्यावर 0.5 टक्के. वाढ 0.2 किलो नत्राची, म्हणजे सुमारे 0.31 किलो वायू. 273 ने गुणलं तरी 86 किलोच. 1,130 मधून 86 गेले.

तुम्ही सांगता तो अभ्यास मी उडवून लावत नाही. वरचे गुणक सरासरीचे आहेत आणि माती फार कोरडी पडली, त्यात युरियाची वेळ चुकली, तर ही सरासरी लागू होत नाही. म्हणून किती सुकवायचं, यालाच सगळं महत्त्व आहे. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने, इरीने, सुचवलेली मर्यादा जमिनीखाली 15 सेंटिमीटरची आहे. 30 सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्यायचा, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडायची, तेवढा भाग बांधीत गाडून आतली माती काढून टाकायची. पाइपातलं पाणी जमिनीपासून 15 सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा 5 सेंटिमीटर भरायचं. बांधीत पाणी उभं असताना पाइपातली पातळी बाहेरच्याइतकी दिसत नसेल तर भोकं बुजलीत, तो पाइप खोटं सांगतोय असं समजा. धान निसवायच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा मात्र पाणी तोडायचं नाही.

उत्पन्नाचंही तसंच. या मर्यादेत राहिलेल्या प्रयोगांत लक्षात येण्याजोगी घट नाही. त्यापलीकडे सुकवलेल्या प्रयोगांत सरासरी 20 टक्क्यांहून जास्त घट आहे. तेव्हा 'उत्पन्न घटत नाही' हे वाक्य विद्यार्थ्यांनी अर्धवट लिहू नये.

लाल_माती
आमच्या रत्नागिरीकडे हे सांगून बघा. जुलैत खाचरात वरून धो-धो पाऊस आणि वरच्या खाचराचं पाणी खालच्यात. लावणी झाली की पाणी तोडणार कोण आणि कसं? नियम करणाऱ्यांनी एक पावसाळा इथे काढावा.

पर्यावरण_द्वितीयवर्ष
दादा, मी फक्त उन्हाळी धानाबद्दल म्हणतोय. खरीप त्यात नाही.

धानवाला_अर्जुनी
मग उन्हाळीचंच सांगतो. माझी बांधी इटियाडोह धरणाच्या कालव्यावर आहे, माती कन्हार, काळी चिकण. पाणी आलं की आम्ही बांधी तुडुंब भरून घेतो, कारण पुढची पाळी कधी येईल त्याचा भरवसा नाही. एकरावर पाणीपट्टी, कमी घेतलं म्हणून एक रुपया वाचत नाही. कन्हारीला भेग पडली की पहिलं पाणी भेगेतच जाते, बांधी भरतच नाही. आणि बांधी उघडी पडली की गवत येते, निंदणीची मजुरी कोण देणार? पाइप गाडायला माझी ना नाही. पण पाइपाने 'पाणी दे' म्हटलं त्या दिवशी कालवा कोरडा असला तर?

मातीचा_माणूस
भाऊ, या चर्चेतला सगळ्यात मोठा मुद्दा तुम्ही मांडलात. गवतासाठी रोवणीनंतरचे पहिले दोन आठवडे पाणी ठेवायचं, गवत फार असेल तर तीन, आणि मगच तोडायला सुरुवात करायची. कन्हारीत नखाएवढी भेग दिसली की पाइपात 15 सेंटिमीटर व्हायची वाट बघू नका, लगेच भरा. तेवढ्यानेही मिथेन कमी होतो. हवा लागली की मातीतलं लोह पुन्हा गंजलेल्या रूपात येतं. नंतर पाणी भरल्यावर जिवाणू आधी ते लोह वापरतात, आणि ते संपेपर्यंत मिथेन करणाऱ्यांना फारसा वाव मिळत नाही.

पाळीच्या भरवशाचं उत्तर मात्र शेतकऱ्याकडे नाही. फिलिपीन्समधल्या बोहोल बेटावर वरचे शेतकरी पाणी अडवत आणि शेवटच्या टोकाला पोचत नसे. तिथल्या सिंचन खात्याने बायोंगान धरणाबरोबर पाळीचं वेळापत्रकच असं बांधलं की बांध्या आपोआप ओल्या-सुक्या होतील. म्हणून सक्ती करायचीच तर कालव्याच्या वेळापत्रकावर करा. पाळीची तारीख आधी जाहीर होऊन पाळली गेली, तर बांधी तुडुंब भरायचं कारणच उरत नाही.

नत्रवाला
बोहोलची अर्धीच गोष्ट सांगितलीत. पाणी टोकाला पोचल्यावर तिथे दुसऱ्या पिकाखालचं क्षेत्र वाढलं. हेक्टरी मिथेन 45 टक्के घटला आणि हेक्टर वाढले, तर एकूण किती घटला? इटियाडोहच्या शेवटच्या गावांना पाणी मिळालं तर तेही उन्हाळी धानच लावतील. त्यांना पाणी मिळावं हे मलाही मान्य आहे, पण त्याला मिथेन कपात म्हणू नका.

पर्यावरण_द्वितीयवर्ष
कार्बन क्रेडिटचे पैसे मिळाले तर? शेतकऱ्याला पाणी तोडायला कारण मिळेल.

नत्रवाला
चीनमधले 37 भातशेती प्रकल्प व्हेरा या कार्बन क्रेडिट नोंदवणाऱ्या संस्थेने 2024 मध्ये बाद केले, तेही आधी नोंदवलेले. बांधी खरंच सुकली होती का, आणि पैसे नसते तर ती सुकली नसती का, हे लाखो छोट्या बांध्यांवर कोण सिद्ध करणार?

मातीचा_माणूस
क्रेडिटबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. क्षेत्राच्या मुद्द्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. टोकाला धानाऐवजी हरभरा, जवस लावण्याइतकंच पाणी सोडावं असं वाटतं, पण ते गावाने ठरवायचं.

विद्यार्थ्यांनो, पाण्याशिवाय आणखी एक गोष्ट तपासा. चिखलणीच्या तोंडावर हेक्टरी 5 टन वाळलं तणस गाडलं तर आयपीसीसीच्या सूत्राने मिथेन जवळपास तिप्पट होतो. तेच महिनाभर आधी कोरड्यात नांगरून गाडलं तर दीडपट. खरीप कापल्यावर मध्ये वेळ असतो.

धानवाला_अर्जुनी
आमच्याकडे तणस बैलाला जाते, बांधीत फक्त धसकटं राहतात. ती आधी नांगरायला हरकत नाही, ओल असेल तर. पाळीचं वेळापत्रक लागलं तर पाइप मी स्वतः आणून गाडतो, पण माझ्या वरच्या बांधीवाल्याने पाण्याचं तोंड रात्री उघडं ठेवलं तर दाद कोणाकडे मागायची, तेवढं नियमात लिहा.