मदत हवी आहे: मुलगी पाणीच पीत नाही, फक्त ज्यूस मागते (नागपूर)

मीरा_मानेवाडा
नमस्कार. कुणीतरी लवकर सांगा. मुलगी पाण्याला तोंडच लावत नाही, थुंकून टाकते. ज्यूस दिला की घटाघट पिते. बाहेर ४५ डिग्री आहे, कूलरसमोर बसूनही घामाघूम होते. जेवण धड नाही, त्यात दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी. सासूबाई म्हणतात, ज्यूसमध्ये पाणीच असतं, जाऊ दे पोटात. मला एवढंच सांगा, कोणता ज्यूस चांगला, डब्यातला की घरी काढलेला? लेक्चर नको, उपाय हवा आहे.

संत्रानगरीवाला
घरीच काढून दे वो ताई. आपल्या नागपुरात राहून डब्यातला ज्यूस कशाला? ताजा संत्र्याचा रस, थोडी साखर, चिमूटभर काळं मीठ. आमची पोट्टी त्याच्यावरच वाढली.

बहार_आंबिया
दादा, मे महिन्यात संत्रा कुठून आणता? मृगाचा बहार आटोपला. आता ठेल्यावर मिळते ती मोसंबी, आणि तिच्यात टाकलेला बर्फ कोणत्या पाण्याचा ते विचारून पाहा.

सुनीता_सिस्टर
मीरा, आधी हे सांग: मुलगी केवढी आहे, वजन किती, ज्यूस कोणता, दिवसभरात किती आणि कशातून देता? दूध किती पिते? शीमध्ये काय दिसतं? ताप, उलटी आहे का? सू किती वेळा होते? बरीच वर्षं बालरोग वॉर्डात आहे. हे कळल्याशिवाय काही सांगता येत नाही.

मनोहर_काका
आमच्या नातवालाही हाच त्रास होता. दोन-दोन दिवस शी होत नसे, रडायचा. काळ्या मनुका रात्री भिजवून ते पाणी सकाळी दिलं, मोकळं झालं. करून पाहा.

मीरा_मानेवाडा
काका, आमच्याकडे उलट आहे, शी पातळ होते.
सिस्टर, २० महिन्यांची आहे, वजन ११ किलो, मागच्या लसीच्या वेळेपेक्षा वाढलंय. मिक्स फ्रूटचा २०० मिलीचा पॅक, दिवसाला दोन, अर्धं पाणी घालून बाटलीत भरून देतो. झोपतानाही तीच बाटली लागते. दूध ७०० मिली असेल. शीमध्ये गाजर, वाटाण्याचे तुकडे जसेच्या तसे. ताप नाही, उलटी नाही, खेळते. सू होते, रंग फिका पिवळा.

विवेक_धरमपेठ
पातळ शी आणि नागपूरचा उन्हाळा, म्हणजे रोज ओआरएस. मेडिकलमध्ये संत्र्याच्या चवीचा पॅक मिळतो, पोरं आवडीने पितात. आम्ही फ्रीजमध्ये भरूनच ठेवतो.

सुनीता_सिस्टर
विवेक, जुलाब-उलटीत ओआरएस हेच पहिलं औषध, तिथं तुमचं बरोबर आहे. पण तो चवीचा तयार पॅक ओआरएस असतोच असं नाही. गोड पेयांवर ते नाव छापलं जायचं, म्हणून एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपेयांच्या लेबलवर ओआरएस शब्द वापरायला बंदी केली. खऱ्या पुडीत लिटरभर पाण्यामागे ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. ज्यूसमध्ये तेवढी साखर सव्वाशे मिलीतच असते. जुलाबात एवढं गोड दिलं तर आतड्यात पाणी आणखी ओढलं जातं. आणि धडधाकट पोराला रोज ओआरएस लागत नाही.

मीरा, आता तुझं. पोरगी खेळते, वजन वाढतंय, ताप नाही, सू फिकी आहे, शीमध्ये न पचलेल्या भाज्या आहेत. हा जंतूंचा जुलाब वाटत नाही, ज्यूसचा वाटतो. मिक्स फ्रूटमध्ये बहुधा सफरचंदाचा रस असतो. त्यातला सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा गोड पदार्थ लहान आतड्यात नीट शोषला जात नाही, पुढे जाऊन पाणी ओढतो आणि शी पातळ होते.

भुकेचंही तेच. ७०० मिली दुधाच्या साधारण ४५० कॅलरी, दोन पॅकच्या १८०-२०० धर. या वयाला दिवसाला साधारण हजारभर लागतात. साठ टक्क्यांच्या वर बाटलीतूनच गेलं, मग ती वरणभात का खाईल? जेवत नाही म्हणून ज्यूस द्यायचा आणि ज्यूसमुळे ती जेवत नाही, असं चाललंय. इतक्या दुधाने पुढे लोहही कमी पडतं.

जुई_त्रिमूर्तीनगर
मग आजच बंद कर. घरात पॅक आणायचाच नाही. आमच्याकडे रडारड झाली, पण तहान लागली की प्यायला पाणीच.

सुनीता_सिस्टर
थंडीत चाललं असतं जुई, पण ४५ डिग्रीत मी सांगणार नाही. हट्टी पोर दिवसभर काहीच प्यायलं नाही तर?

जुई_त्रिमूर्तीनगर
पाणी घालून-घालून दिलं की गोडाची चटक तशीच राहते. माझ्या बहिणीकडे वर्षभर तेच चाललंय.

सुनीता_सिस्टर
मुदत ठरवली नाही तर तसं होतं खरं. म्हणून आठवड्याभरात उरकायचं. आता निम्मं पाणी आहे, दोन दिवसांनी तीन भाग पाणी एक भाग रस, मग नुसता वास राहील एवढाच, मग साधं पाणी. आणि बाटलीत नाही, छोट्या स्टीलच्या पेल्यात, जेवताना, शेजारी तुझाही पेला ठेवून. झोपताना फक्त पाणी. बाटलीची सवय या वयात सोडवायचीच आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला दोन वर्षांपर्यंत ज्यूस नकोच असा आहे, आणि दोन ते पाच वर्षांत फार तर १२५ मिली.

दूध ४०० ते ५०० वर आण, पेल्यातून दे, जेवणाच्या आधी नको. पाणी नुसतं प्यायलाच हवं असं नाही: बिया काढून टरबूजाच्या फोडी, किसलेली काकडी, पातळ वरण, बिनसाखरेचं पातळ ताक, यातूनही पाणी जातं. खेळून आली, उठली, की दोन घोट पुढे कर आणि बाजूला हो. मागे लागलीस की थुंकणार.

एक काम आत्ता कर. तिचा वरचा ओठ उचलून समोरच्या दातांच्या मुळाशी बघ. खडूसारखी पांढरी रेघ आहे का?

संत्रानगरीवाला
नारळपाणी देऊ नये का मग? आणि ग्लुकोज पावडर? आमची आई दोन चमचे टाकून द्यायची.

सुनीता_सिस्टर
नारळपाणी कधीतरी घोटभर चालेल, पण त्यात मीठ कमी, जुलाबात ते ओआरएसचं काम करत नाही. ग्लुकोज पावडर म्हणजे साखरच. नको.

मीरा_मानेवाडा
सिस्टर, वरच्या दोन दातांवर हिरडीजवळ पांढरी रेघ आहे. कीड आहे का ती? दुखत तर नाही.

सुनीता_सिस्टर
किडीची सुरुवात असू शकते. झोपेत लाळ कमी असते, गोड दातांवर तसंच बसतं. पांढरी आहे तोवर थांबवता येते, तपकिरी झाली की खड्डा पडतो. या आठवड्यात मुलांच्या दातांच्या डॉक्टरांना दाखव, रात्रीची बाटली आजपासून बंद. ज्यूस थांबल्यावरही आठवड्याभरात शी घट्ट झाली नाही तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. शीत रक्त, ताप, सहा तास सू नाही, डोळे खोल, सुस्ती, यातलं काही दिसलं तर आठवड्याची वाट बघू नको, ओआरएस सुरू कर आणि लगेच दवाखान्यात ने.

मीरा_मानेवाडा
झोपतानाची बाटली बंद म्हणजे सासूबाईंशी बोलावं लागेल, दुपारी पोरगी त्यांच्याकडेच असते. जुई, तुमच्याकडे रडारड किती दिवस चालली?

मनोहर_काका
दातांसाठी लवंगेचं तेल लावून पाहा.

सुनीता_सिस्टर
काका, एवढ्या लहान पोराला लवंगेचं तेल अजिबात नको. पोटात गेलं तर विषासारखं लागतं.

जुई_त्रिमूर्तीनगर
मीरा, तीन रात्री. सासूबाईंना दातावरची रेघ दाखव आधी, मग बोल.