अनुभव धागा: फोटो आठ, चौकट एक, मजकूर एक

सुभाषनगरची सून

नमस्कार मंडळी. आमच्या घरी कोल्हापुरी चपला तयार होतात. मामंजी कातडं कापतात, सासूबाई वेण्या घालतात आणि गेली दोन वर्षं इन्स्टाग्रामचं काम माझ्याकडं आहे. मागच्या महिन्यात एका पोस्टमध्ये आठ फोटो टाकले आणि त्या एका पोस्टनं मला बरंच शिकवलं. तुम्हालाही असं काही झालं असेल तर इथं लिहा, म्हणून हा धागा काढते.

पहिला फोटो मामंजींचा होता. ते ओट्यावर बसून तळ ठोकत होते आणि मी फोन उभा धरला होता. उरलेले सात फोटो जोडांचे, फोन आडवा धरून काढलेले. निवडले, पुढं पुढं बोटं दाबली, पोस्ट केलं. संध्याकाळी एका बाईंचा मेसेज आला, "ताई, डाव्या चपलेचा कान दिसत नाही, दोन्ही सारखेच आहेत ना?" उघडून बघते तर सातही फोटोंत दोन्ही बाजू कापलेल्या. डावीचा बाहेरचा कान गेला, उजवीचा पण गेला. मधला अंगठा आणि गोंडे तेवढे स्वच्छ दिसत होते.

दुसरी गोष्ट मजकुराची. आठ फोटोंना मजकूर एकच, म्हणून मी खाली यादी केली होती: २ पुकरी, ३ कापशी, ४ बक्कलनाळी, असं करत प्रत्येकीचा भाव. चार दिवसांनी कापशीचा जोड गेला, म्हणून तेवढा एक फोटो काढून टाकला. मजकुराला हात लावायचं सुचलंच नाही. बक्कलनाळीचा फोटो सरकून तिसऱ्या जागी आला, आणि मजकुरात तीनला अजून कापशीच. साताऱ्याच्या एका गिऱ्हाइकानं तिसऱ्या जागचा जोड बघितला, मजकुरातला तिसरा भाव बघितला आणि तेवढे पैसे पाठवले. दोन्हींत चारशे रुपयांचा फरक. तिची काहीच चूक नव्हती. आम्ही तिनं पाठवलेल्या भावातच बक्कलनाळी दिली.

तुम्ही फोटो कापण्याचं, क्रम लावण्याचं, एकाच मजकुराचं कसं जमवता? आणि पोस्ट कुणाला दिसणार यावरून कुणाची अडचण झाली असेल तर तेही लिहा.

शाहूपुरीचा फोटोवाला

वहिनी, मी लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळं हे रोजचंच आहे. पहिला फोटो ज्या आकाराचा, त्याच आकाराची चौकट बाकीच्या सगळ्यांना लागते. प्रत्येक फोटोला वेगळी चौकट देता येत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत ही सोय आली तेव्हा तर सगळे फोटो चौरसच लागायचे. नंतर उभे-आडवे चालायला लागले, पण एका पोस्टला एकच आकार हे तसंच राहिलं.

तुमचं काय झालं ते हिशोबात बघा. मामंजींच्या फोटोमुळं चौकट उभी झाली, समजा ४:५. फोनचा आडवा फोटो असतो ४:३. त्याची उंची त्या चौकटीत पूर्ण बसवली तर रुंदीचा ६० टक्केच भाग आत राहतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रत्येकी २० टक्के बाहेर. चपलांचा जोड शेजारी शेजारी ठेवला की कान नेमके त्या २० टक्क्यांत येतात.

आडवा फोटो पहिला ठेवला असता तर जोड वाचले असते, पण मामंजींचा उभा फोटो वरखाली कापला गेला असता. ३:४ चा उभा फोटो ४:३ च्या चौकटीत टाकला तर जवळपास निम्माच उरतो. डोकं ठेवा नाहीतर हात ठेवा.

मी काय करतो सांगतो. १०८० बाय १३५० पिक्सेलचा कोरा कागद घ्यायचा, म्हणजे ४:५. त्यावर आडवा फोटो १०८० रुंदीनं ठेवायचा. त्याची उंची ८१० होते, ५४० मोकळे राहतात. ते वरखाली वाटायचे किंवा सगळे खाली घ्यायचे. असे तयार केलेले सगळे फोटो एकाच मापाचे असतात, मग ॲपला कापायला काही उरत नाही. पोस्ट करण्याआधी प्रत्येक फोटोवर सरकून बघायचं, पहिला बघून पुढं जायचं नाही. चौकटीत फोटो बोटानं थोडा इकडं-तिकडं सरकवता येतो, पण प्रत्येक फोटोला ते वेगळं करावं लागतं.

आणखी एक. जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरचे चौकोन उभे झाले. माझ्या जुन्या चौरस फोटोंच्या तिथं कडा कापल्या जातात. त्यामुळं पहिल्या फोटोतली महत्त्वाची गोष्ट मधोमध ठेवा.

राजारामपुरी ७वी गल्ली

माझा अनुभव वेगळा आहे. प्रत्येक फोटोला वेगळा मजकूर देता येतो. गणपतीत आमच्या मंडळाचे बारा फोटो टाकले, प्रत्येकाखाली देखाव्याची माहिती लिहिली आणि लोकांनी प्रत्येक फोटोवर वेगळ्या कमेंटही केल्या. वहिनींनी शोधलं तर सापडेल.

शाहूपुरीचा फोटोवाला

दादा, ते फेसबुकवर असणार. तिथं एका पोस्टमधला फोटो उघडला की त्याचं स्वतःचं पान असतं, त्याला वेगळा मजकूर आणि वेगळ्या कमेंट. इन्स्टाग्रामवर मजकूर एक, ठिकाण एक, लाइक आणि कमेंट सगळ्या मिळून एकाच ढिगात. फोटोगणिक वेगळं फक्त दोनच ठिकाणी लिहिता येतं. कुणाला टॅग केलं ते, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी चित्राचं वर्णन. ते वर्णन गिऱ्हाइकाला एरवी दिसत नाही, त्यामुळं भाव तिथं लिहून उपयोग नाही.

राजारामपुरी ७वी गल्ली

बरोबर, बघितलं आत्ता. फेसबुकच होतं. दोन्हीकडं एकदम टाकतो, त्यात गल्लत झाली.

महाद्वारची काकू

मला कापण्याचं फार कळत नाही, माझी चूक क्रमाची झाली. अंबाबाईचा किरणोत्सव तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी किरणं चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी वर छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. नोव्हेंबरात तिन्ही दिवस संध्याकाळी गेले, ढग नव्हते, बाहेरच्या पडद्यावर दिसलं त्याचे फोटो काढले. तीन दिवसांचे तीन फोटो एका पोस्टमध्ये टाकले. फोनमध्ये सगळ्यात नवा फोटो आधी दिसतो. मी दिसेल तसं बोट लावत गेले. त्यामुळं मुख पहिलं, चरण शेवटी. किरणं देवीच्या मुखावरून खाली उतरली असं झालं. बहिणीचा इचलकरंजीहून फोन आला, "अगं, उलटं लावलंस."

मग पूर्ण पोस्ट काढली, पुन्हा टाकली. पहिल्या पोस्टवर माहेरच्या लोकांनी लिहिलेलं सगळं गेलं, त्याचं वाईट वाटलं. आता मी बोट लावताना कोपऱ्यातला आकडा बघते. तो आकडाच क्रम असतो. चुकला तर पुढच्या पानावर फोटो दाबून धरून ओढला की जागा बदलते, हे नातीनं दाखवलं.

उत्तरेश्वर पेठ

काकू, आता पोस्ट झाल्यावरही Edit मध्ये जाऊन क्रम बदलता येतो असं माझा भाऊ सांगतोय. त्याच्या फोनवर आहे म्हणतो.

महाद्वारची काकू

माझ्या फोनवर नाही दिसत. तीनदा बघितलं.

शाहूपुरीचा फोटोवाला

माझ्या एका खात्यावर दिसतं, एकावर नाही. त्यामुळं मी त्याच्या भरवशावर राहत नाही, आधीच क्रम पक्का करतो. काकू, दुसऱ्या फोटोकडंही लक्ष द्या. पोस्ट बघून कुणी पुढं गेलं तर नंतर तीच पोस्ट त्याला दुसऱ्या फोटोपासून दिसू शकते. तुमच्याकडं दुसरा फोटो छातीपर्यंतच्या किरणांचा आहे, तो एकटा दिसला तरी अर्थ लागतो. लग्नाच्या पोस्टमध्ये मी दुसऱ्या जागी कधी नुसत्या बांगड्या ठेवत नाही.

बारशाची आत्या

मला वाटलं धागा लग्नाच्या अल्बमबद्दल आहे, तरी लिहिते, कारण शेवटचा प्रश्न माझाच आहे. भाचीच्या बारशाचे चौदा फोटो टाकले. (पूर्वी दहाच चालायचे, २०२४ पासून वीस चालतात.) त्यात पाळणा, साड्या, जेवणाच्या पंगती आणि बाळाचे तीन फोटो. वहिनी म्हणाली, बाळाचे फोटो घरच्यांनाच दिसू देत. मी पोस्ट Close Friends ला लावायला गेले तर चौदाही फोटो तिकडंच जायला लागले. पंगतीचे फोटो तर शेजाऱ्यांनाही दाखवायचे होते. अर्धे यांना, अर्धे त्यांना, असं एका पोस्टमध्ये होतच नाही.

मी घाईत सगळ्यांसाठीच टाकलं. वहिनी दोन दिवस बोलली नाही. मग बाळाचे तिन्ही फोटो एकेक करून काढले. बाकीचे अकरा, लाइक, कमेंट सगळं जागेवर राहिलं, तेवढं बरं झालं. काढलेले फोटो तीस दिवस Recently Deleted मध्ये राहतात, तेही तिथून पुसले. पण त्या दोन दिवसांत कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर माझ्या हातात काय राहिलं? एका मावशीला मी बाळाच्या फोटोवर टॅग केलं होतं, तिनं स्वतःचं नाव काढलं होतं, पण नाव काढलं म्हणून फोटो जात नाही, हेही तेव्हाच कळलं.

आता माझा नियम असा: ज्या फोटोबद्दल घरात एकाचीही ना असेल तो वेगळ्या पोस्टमध्ये, आणि आधी विचारून.

उत्तरेश्वर पेठ

आत्या, खातंच प्रायव्हेट केलं तर?

बारशाची आत्या

तरी माझ्या फॉलोअर्समध्ये ऑफिसची माणसं आहेतच की. सगळी पोस्ट त्यांना दिसणारच.

सुभाषनगरची सून

सगळ्यांचे आभार. काल पोस्ट नव्यानं केली, कसं केलं ते लिहिते.

आठही फोटो १०८० बाय १३५० च्या पांढऱ्या कागदावर घेतले. मामंजींचा उभा फोटो होता तसा बसला, वरची भिंत थोडी गेली. जोडांचे फोटो वर सरकवले आणि खालच्या ५४० च्या पट्टीत मोठ्या अक्षरात लिहिलं: कापशी, क-१२, नंबर ८, आणि भाव. तीन नंबरचा फोटो, चार नंबरचा फोटो असं आता कुठंच लिहिलेलं नाही. मजकुरात पहिल्या ओळीत एवढंच, की भाव फोटोवर आहे, मागताना कोड सांगा. पहिल्या ओळी-दोन ओळींनंतर more येतं आणि माझी जुनी यादी सगळी त्याच्या मागं लपायची, हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं.

क्रमात पहिल्या जागी मामंजी, दुसऱ्या जागी कापशी. फोटोवाले दादा म्हणाले तसं, दुसरा फोटो एकटा दिसला तरी त्यावर नाव आणि भाव आहे.

आज सकाळी क-१४ गेला. तो फोटो काढला, मागचे सरकले, कोड जागेवर राहिले. फक्त एक अडचण राहिली. एका गिऱ्हाइकाला कालच मी संगणकावरून एका फोटोची लिंक पाठवली होती, तिच्या शेवटी `?img_index=5` होतं. ती मोजणी जागेचीच असल्यामुळं आता ती लिंक उघडली की शेजारचा जोड दिसतो. तिला कोड कळवला आणि तिनं तोच घेतला. पण लिंक पाठवण्यापेक्षा फोटोच पाठवावा की काय, असं वाटायला लागलंय. तुम्ही कुणी गिऱ्हाइकाला लिंक पाठवता का?

राजारामपुरी ७वी गल्ली

मी फोटोच पाठवतो, कोडसकट. आणि वहिनी, क-१२ मध्ये नऊ नंबर आहे का? आमच्या थोरल्याला पाहिजे.

सुभाषनगरची सून

नऊचा तळ कापलेला आहे, दादा. वेणी व्हायला चार दिवस लागतील. झाला की फोटो पाठवते.