मदत हवी आहे: भावाच्या अ‍ॅड-ऑन कार्डाचं बिल माझ्या नावावर का?

नाशिककर_८४: धाकट्या भावाला माझ्या क्रेडिट कार्डावर अ‍ॅड-ऑन काढून दिलं होतं, त्याने ५८,००० चा फोन घेतला आणि आता म्हणतो पैसे नाहीत. कार्डावर नाव त्याचं, ओटीपी त्याच्या मोबाईलवर, मग बँकेने त्याच्याकडूनच वसूल करायला हवं ना? कस्टमर केअरवाले ऐकत नाहीत. लवकर सांगा.

प्रसाद_के: ओटीपी त्याने टाकला म्हणजे जबाबदारी त्याची. बँकेत डिस्प्यूट टाका, रक्कम रिव्हर्स होईल.

वैशाली_ठाणे: प्रसाद, डिस्प्यूट फसवणूक किंवा चुकीच्या व्यवहारासाठी असतो. इथे कार्ड स्वतः दिलेलं, खरेदी खरी, असा डिस्प्यूट टिकत नाही. मी कार्ड ऑपरेशन्समध्ये होते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत स्पष्ट आहे, अ‍ॅड-ऑनवरच्या खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची. थकलं तर सिबिल तुमचंच खराब होणार. ड्यू डेट कधी आहे? एकूण बिल किती? आणि ते कार्ड अजून चालू आहे का?

अनघा_म: आम्ही होम लोन जॉइंट घेतलंय, त्यात दोघांचीही जबाबदारी असते बरं का.

वैशाली_ठाणे: अनघाताई, ते वेगळं. तिथे दोघांनीही कर्जावर सही केलेली असते.

नाशिककर_८४: ड्यू डेट पुढच्या सोमवारी. माझे धरून ७१,४००. कार्ड त्याच्याकडेच आहे, चालू आहे. मिनिमम भरून टाकू का?

वैशाली_ठाणे: आधी अ‍ॅपमधून त्याचं कार्ड ब्लॉक करा, आत्ताच. मिनिमम भरलं तर लेट फी वाचेल, पण व्याज ड्यू डेटपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून लागेल आणि तुमच्या नव्या किराणा-पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून. दर महिना साडेतीन टक्के धरला तर ७०,००० वर साधारण २,४५० आणि वर १८ टक्के जीएसटी. त्यापेक्षा ड्यू डेटच्या आधी फोनची रक्कम ईएमआयमध्ये करता येते का विचारा आणि बाकीचे १३,४०० पूर्ण भरा. फक्त तेवढी लिमिट अडकून राहील.

सुहास_पाटील: मी बायकोला कार्ड देताना १५,००० ची सब-लिमिट लावली, दर खर्चाचा मेसेज मला येतो. घरच्यांना असं मोकळं कार्ड द्यायचंच नाही.

प्रसाद_के: पण मग भावाकडून वसूल कसं करायचं? पोलिसात तक्रार?

वैशाली_ठाणे: तो तुमच्या दोघांतला व्यवहार, बँक मध्ये पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तरी त्याच्याकडून लिहून घ्या, दर महिन्याला किती देणार ते.

नाशिककर_८४: ब्लॉक केलं. पण फोन त्याने आधीच कुठल्यातरी ईएमआयवर घेतला असेल तर? बिलात हप्ता दिसतोय की पूर्ण रक्कम ते बघावं लागेल. आईला यात घ्यायचं नाहीये.

सुहास_पाटील: बिलात त्याच्या कार्डाच्या शेवटच्या चार आकड्यांखाली वेगळ्या नोंदी असतात, तिथे बघा.