मदत हवी आहे : ईसॉपचे ग्रँट लेटर, नोकरी सोडल्यावर हातात नेमके काय राहते?

पर्वरीवासी (धागाकर्ता)

नमस्कार. पर्वरीतील एका खासगी सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंगचे काम करतो. १७ जुलै २०२३ रोजी मी रुजू झालो आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबर ही तारीख असलेले, ईसॉपचे, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने विकत घेण्याच्या हक्काचे, दोन पानी ग्रँट लेटर मला मिळाले. त्या वेळी शेवटच्या पानावर सही करून ते फाइलमध्ये ठेवून दिले. आता बंगळूरच्या एका कंपनीकडून बोलावणे आले आहे, त्यामुळे ते पुन्हा बाहेर काढले आहे, आणि दोनदा वाचूनही हिशेब जुळत नाही.

पत्रातला मजकूर थोडक्यात असा : एकूण ४,८०० ऑप्शन, चार वर्षांचे व्हेस्टिंग, म्हणजे तेवढ्या काळात हे हक्क टप्प्याटप्प्याने पक्के होणार, आणि एक वर्षाचा क्लिफ, म्हणजे तोवर एकही पक्का नाही. क्लिफ पूर्ण झाल्यावर २५ टक्के, आणि त्यानंतर उरलेले दरमहा समान हप्त्यांत. एक्सरसाइज प्राइस, म्हणजे हक्क वापरून शेअर घेताना भरायची किंमत, प्रत्येकी ४० रुपये. नोकरी सुटल्यावर व्हेस्ट झालेले ऑप्शन ९० दिवसांत एक्सरसाइज न केल्यास ते लॅप्स होतील. शेवटी एक वाक्य आहे की सविस्तर अटी 'योजनेनुसार' राहतील. ही योजना मी कधी पाहिलेली नाही.

माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. येत्या सोमवारी, म्हणजे ३० जूनला, राजीनामा द्यायचा आणि चतुर्थी घरी करून २९ ऑगस्टला, शुक्रवारी, निघायचे असा बेत आहे. रुजू झाल्यापासून तेव्हा २५ महिने भरतात, म्हणून माझ्या हिशेबाने २,५०० ऑप्शन माझे होतात. एचआरच्या म्हणण्यानुसार शेअरचे सध्याचे मूल्यांकन १९० रुपये आहे. ४० वजा जाता प्रत्येकी १५०, म्हणजे पावणेचार लाख रुपये घेऊन मी बाहेर पडतो, असे समजावे का?

मांडवीकाठ

अभिनंदन. एक लक्षात घ्या, एक्सरसाइज प्राइसचे ४० रुपये आधी तुम्हालाच खिशातून भरावे लागणार. मात्र कराची काळजी नको. स्टार्टअप कंपन्यांच्या ईसॉपवरील कर शेअर विकल्यावरच भरायचा असतो, अशी सवलत सरकारने काही वर्षांपूर्वी दिली आहे. शेअर घेऊन स्वस्थ बसावे.

वेर्णेकर

यात एवढे काय अवघड आहे, हे मला कळले नाही. मी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत होतो, कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती. नोकरी सोडताना ब्रोकरच्या संकेतस्थळावर जाऊन एक बटण दाबले. त्यांनीच एक्सरसाइजची रक्कम भरली, त्याच दिवशी शेअर विकले, कर कापून उरलेले पैसे चार-पाच दिवसांत माझ्या खात्यात जमा केले. खिशातून एक रुपया गेला नाही. आपणही डिमॅट खाते उघडून तसेच करावे.

जुना हिशेबनीस

मी मडगावात कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करतो, आणि अशी पत्रे घेऊन लोक बहुधा राजीनामा दिल्यानंतर येतात. आपण आधी विचारलेत, ते बरे झाले.

प्रथम मोजणी. व्हेस्टिंगचे घड्याळ आपण रुजू झालात त्या दिवशी सुरू झालेले नाही. ग्रँटच्या तारखेपासून पहिल्या व्हेस्टिंगपर्यंत किमान एक वर्ष जायलाच हवे, असे कंपनी कायद्याखालील २०१४ चे नियम सांगतात, आणि म्हणून बहुतेक पत्रांत क्लिफ ग्रँटच्याच तारखेपासून मोजतात. आपल्या पत्रात दुसरी तारीख दिलेली नसेल, तर १ ऑक्टोबर २०२४ रोजी १,२०० ऑप्शन व्हेस्ट झाले, आणि त्यानंतर प्रत्येक महिन्याच्या १ तारखेला १०० होत आले. नोव्हेंबर ते ऑगस्ट असे दहा हप्ते धरले, तर २९ ऑगस्टला आपल्याकडे २,२०० असतील, २,५०० नव्हे. पुढचे १०० सोमवारी, १ सप्टेंबरला व्हेस्ट होतात. शुक्रवारी निघालात तर त्या एका सोमवारापायी ते जातील. व्हेस्ट न झालेले बाकीचे सगळे ऑप्शन राजीनाम्याबरोबर संपतात, तिथे वाटाघाटीला सहसा जागा नसते.

दुसरी गोष्ट, पावणेचार लाखांचा आकडा डोक्यातून काढून टाकावा. व्हेस्ट झालेला ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, तो ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क आहे. पैसे भरून शेअर नावावर होईपर्यंत लाभांश नाही, मतदान नाही, आणि तो हक्क दुसऱ्याला विकताही येत नाही. २,२०० शेअर घ्यायला ४० रुपयांप्रमाणे ८८,००० रुपये लागतील.

कराची गोष्ट याहून जड आहे. एक्सरसाइजच्या दिवशीचे बाजारमूल्य आणि आपण भरलेली किंमत यांतला फरक पगाराचाच भाग समजून त्यावर कर लागतो. १९० चा भाव कायम राहिला असे धरले, तर १५० गुणिले २,२०० म्हणजे ३,३०,००० रुपये आपल्या उत्पन्नात मिळवले जातील. समजा आपले करपात्र उत्पन्न १६ लाखांच्या किंचित वर आहे. या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत १६ ते २० लाखांच्या टप्प्याला २० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, म्हणजे कर ६८,६४० रुपये होतो. तोपर्यंत आपण नोकरी सोडलेली असल्याने कापून घ्यायला पगार नसतो, म्हणून कंपनी ही रक्कम एक्सरसाइजच्या पैशांबरोबरच आपल्याकडून मागते. एकूण १,५६,६४० रुपये ९० दिवसांच्या आत उभे करायचे आणि त्याच्या बदल्यात मिळणार असा कागद, जो आज विकायला बाजारच नाही.

वेर्णेकर यांचा अनुभव खरा आहे, परंतु तो नोंदलेल्या कंपनीतला आहे. तिथे शेअर विकूनच सगळा खर्च भागवता येतो. खासगी कंपनीत ती सोय नाही, शिवाय शेअर हस्तांतरित करण्यावर कंपनीच्या नियमावलीत बंधनेही असतात.

१९० या आकड्याबद्दलही विचारून घ्यावे. तो गुंतवणूकदारांनी दिलेला भाव आहे की मर्चंट बँकरने करासाठी काढलेले मूल्य? करासाठी मर्चंट बँकरचाच आकडा धरतात, आणि ते मूल्यांकन एक्सरसाइजच्या दिवसाआधी १८० दिवसांपेक्षा जुने चालत नाही. म्हणजे नोव्हेंबरमध्ये एक्सरसाइज करताना आकडा वेगळाही असू शकेल.

मांडवीकाठ

कराच्या सवलतीबद्दल मी वाचलेले अगदीच चुकीचे होते का? २०२० च्या अर्थसंकल्पात ती आली होती, एवढे मला नक्की आठवते.

जुना हिशेबनीस

सवलत आहे, पण तिच्यात दोन मेखा आहेत. एक, ती सगळ्या स्टार्टअपना नाही. नुसती स्टार्टअप म्हणून सरकारी नोंदणी असून भागत नाही, आंतरमंत्रालयीन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळवलेल्या कंपन्या फार थोड्या आहेत. दोन, ती करमाफी नव्हे, कर पुढे ढकलण्याची मुभा आहे. साधारण पाच वर्षे उलटणे, शेअर विकणे किंवा नोकरी सोडणे, यांतले जे आधी घडेल तिथे ती मुदत संपते. धागाकर्त्यांचा प्रश्नच नोकरी सोडण्याचा असल्याने त्यांना तिचा उपयोग नाही.

सांतेरी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच पत्राशी जोडलेला आहे. माझे यजमान पणजीतल्या एका कंपनीत आहेत आणि त्यांच्याकडेही असे पत्र आहे. माणसाला काही बरेवाईट झाले, तर हे सगळे कंपनीकडेच राहते का? आणि दुसरे, शिल्लक रजा शेवटी जोडून घेतली तर महिने वाढतात का?

जुना हिशेबनीस

नोकरीत असताना मृत्यू झाला, तर व्हेस्ट न झालेलेसुद्धा सगळे ऑप्शन त्याच दिवशी वारसांच्या किंवा नामनिर्देशिताच्या नावे व्हेस्ट होतात. कायमचे अपंगत्व आले तर ते त्या कर्मचाऱ्याकडेच व्हेस्ट होतात. हे नियमातच लिहिलेले आहे, कंपनीच्या मर्जीवर नाही. वारसाचे नाव नोंदवले आहे की नाही, एवढे आज संध्याकाळीच पाहून घ्यावे. रजेचे पैसे घेतले तर सेवेचे दिवस वाढत नाहीत. रजेवर राहून शेवटचा दिवस पुढे ढकलला तर वाढू शकतात, परंतु त्याला कंपनीची संमती लागते.

धागाकर्त्यांना आणखी एक सांगायचे राहिले. योजनेची प्रत मागून घ्या आणि तिच्यात 'सेवासमाप्तीचा दिनांक' कसा ठरवला आहे, ते पहा. काही योजनांत तो कामाचा शेवटचा दिवस असतो, काहींत राजीनामा दिल्याचा दिवस. दुसरी व्याख्या असेल, तर ३० जूनला राजीनामा दिल्यावर आपले २,००० वरच थांबतात. ३ जुलैला दिलात तर जुलैचा हप्ता पदरात पडून २,१०० होतात, आणि तिथून ६० दिवस मोजले तर शेवटचा दिवस बरोबर १ सप्टेंबर येतो. म्हणजे पहिली व्याख्या निघाली, तर २,३००. दोन्हीकडून १०० चा लाभच आहे. गैरवर्तनासाठी काढून टाकल्यास व्हेस्ट झालेलेही जातात, असे कलम बहुतेक योजनांत असते. त्याची व्याख्या किती सैल आहे, हेही नजरेखालून घालावे. प्रतिस्पर्धी कंपनीत जाणे त्यात घुसवलेले मी पाहिले आहे.

पर्वरीवासी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आज एचआरकडे योजना मागितली. ईमेलने देता येणार नाही, कार्यालयात बसून वाचा, असे उत्तर मिळाले, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बसून महत्त्वाची कलमे हाताने उतरवून घेतली. सेवासमाप्तीचा दिनांक म्हणजे कामाचा शेवटचा दिवस, असे एका ठिकाणी स्पष्ट लिहिले आहे. मात्र तीन पानांनंतर, नोटीस पिरियडमध्ये व्हेस्टिंग चालू ठेवायचे की नाही हे समिती ठरवील, असेही आहे. यातले कोणते लागू, हे एचआरला तोंडी सांगता आले नाही. मी लेखी विचारले आहे, आणि राजीनामा ३ तारखेपर्यंत पुढे ढकलला आहे. बंगळूरच्या कंपनीने त्याला हरकत घेतली नाही. ती कंपनी वेगळ्या क्षेत्रात असल्याने प्रतिस्पर्धीचा मुद्दा मला लागू नाही.

दीड लाखाहून अधिक रक्कम भरायची की नाही, हे मात्र ठरत नाही. पत्नीचे म्हणणे आहे की तेवढ्यात फोंड्याच्या घराचे छप्पर दुरुस्त होईल, आणि ते दिसते तरी.

मांडवीकाठ

कंपनी पुढे बायबॅक करील, म्हणजे शेअर स्वतःच परत विकत घेईल, की नाही, ते विचारले का? मागे कधी केला असेल तर अंदाज येईल.

पर्वरीवासी (धागाकर्ता)

विचारले. आजवर एकदाही झालेला नाही. 'विचाराधीन आहे' एवढेच सांगतात.

जुना हिशेबनीस

मग सगळे घ्यायचे किंवा सगळे सोडायचे, असा विचार करू नये. योजनेत अंशतः एक्सरसाइजची मुभा आहे का, आणि असल्यास किमान किती शेअर घ्यावे लागतात, हे उतरवून घेतलेल्या कलमांत पहा. ५०० शेअर घेतले, तर किंमत आणि कर मिळून आधीच्या हिशेबाने ३५,६०० रुपये होतात. तेवढे पैसे पूर्ण बुडाले तरी चालतील का, हा प्रश्न घरी विचारण्याजोगा आहे. आणि ९० दिवस १ सप्टेंबरपासून मोजले, तर ३० नोव्हेंबरला रविवार येतो. अर्ज आणि पैसे शुक्रवारीच पोहोचवावेत.

पर्वरीवासी (धागाकर्ता)

अंशतः घेण्याचे कलम मी उतरवलेलेच नाही. उद्या पुन्हा बसतो.