अनुभव धागा: टोमणा लपलेल्या म्हणी आणि त्यांचा मूळ अर्थ

मोंढेकर: मोंढ्यात नवी तूर आली की 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' कानावर पडतेच. यंदाही पडली, म्हणून धागा काढला. जातीला, बाईला, वयाला टोचणाऱ्या म्हणी सांगा. पण मूळ अर्थासकट.

गोदाकाठ: घरात आलीच नाही त्या वस्तूवरून भांडण, एवढाच अर्थ. त्याला पातळ वरण हवं, तिला घट्ट.

जात्यावरची: पूर्ण अर्थ 'तुरी' या शब्दात आहे. डाळ नाही म्हटलेलं, तुरी म्हटलंय. आख्खी तूर आणायची, निवडायची, तेल-पाण्याचा हात लावून मुरवायची, कडक उन्हात वाळवायची, मग जात्यावर भरडून पाखडायची. ऊन नीट लागलं नाही तर टरफल सुटत नाही अन् डाळीचा चुरा होतो. म्हणजे वरण अजून कित्येक दिवस लांब, अन् मार मात्र आजच. यातलं निवडण्यापासून पाखडण्यापर्यंतचं सगळं काम तिचंच, अन् मारही तिलाच. हसतात सगळे भटाला. भटणीचं कुणी बोलत नाही, ते मला जास्त लागतं.

उदगीरवाला: 'हातावर तुरी देणे' मधल्याच तुरी ह्या. म्हणजे फसवणूक.

गोदाकाठ: तिथं गुंगारा देऊन पळणं आहे. इथं कोण कुणाला फसवायलंय?

उदगीरवाला: तूर तीच ना पण!

जात्यावरची: दाणा तोच असेल, अर्थ वेगळा. तिथं तूरच का आली, ते कुणाला माहीत असेल तर सांगा.

माई_परभणी: आमच्याकडं बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजतच नाही. काय करावं?

मोंढेकर: माई, धागा म्हणींचा आहे 🙂

जात्यावरची: असू द्या, सांगते. जड पाण्यातल्या क्षारांनी डाळ दडस राहते. फिल्टरचं नाहीतर पावसाचं पाणी घ्या, तासभर भिजवा. तेच पाणी वापरायचं तर चिमूटभर खायचा सोडा, जास्त नको, डाळ बुळबुळीत होते.

निवृत्त_मास्तर: 'साठी बुद्धी नाठी' राहिली. पोरं नाठी म्हणजे नाठाळ समजतात. नष्ट, नट्ठ, नाठी असा तो शब्द आलाय. बुद्धी गेली, असं सरळ म्हटलंय. चांगल्या अर्थानं कशी वळवणार? मला तरी वळवता येत नाही.

सून_नंबर_२: 'लेकी बोले सुने लागे'?

निवृत्त_मास्तर: लेकीला बोले, सुनेला लागे. जुन्या बोलीत 'ला' न लावताही भागायचं. 'काय गं, किती पीठ सांडलंस!' हे लेकीला म्हणायचं, अन् परातीपाशी सून बसलेली. नाव घेतलं नाही, म्हणून तिला उलट बोलताही येत नाही. ही म्हण सुनेला टोमणा मारत नाही, टोमणा कसा मारतात ते दाखवते.

सून_नंबर_२: म्हणजे ही म्हण आमच्या बाजूची?

गोदाकाठ: म्हणणारं कोण, त्यावर आहे.

मोंढेकर: मी तर आता 'तुरी अजून बाजारातच हायेत' एवढंच म्हणतो. समोरच्याला अर्थ कळतो, मारामारी गळते.

माई_परभणी: सोडा भिजवताना टाकायचा का शिजवताना?